पाच ओळीत: उघडी तिकडी दिसली की कोणत्या टोकाला अडवायचं?

मास्तरीण

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात शिकवते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर दुपारी पोरांना उन्हात हिंडू द्यायचं नाही म्हणून गावच्या वाचनालयात बसवते. चौकोनी वहीच्या पानावर १५ बाय १५ घरांची चौकट आखायची आणि पेनाने फुली-गोळा खेळायचा, पण तीनचा नाही, पाचचा. आडवे, उभे किंवा तिरपे सलग पाच झाले की जिंकला. फुली आधी.

पोरांना एवढं कळलंय की समोरच्याचे तीन सलग झाले आणि दोन्ही बाजू मोकळ्या असल्या की लगेच अडवावं लागतं, नाहीतर चार होतात आणि मग दोन टोकांपैकी एकच अडवता येतं. अडचण पुढची आहे. अडवायचं कोणत्या टोकाला? सातवीतली एक पोरगी दरवेळी विचारते, "मॅडम, डावीकडे का उजवीकडे?" आणि मी सांगते, कुठेही अडव, तिकडी मोडली म्हणजे झालं. काल तिने तसंच केलं आणि चार चालींत डाव गेला. पानाचा तेवढा भाग इथे उतरवते. चाल गोळ्याची आहे. चौकट चारही बाजूंनी अजून बरीच मोकळी आहे.

```
    क ख ग घ च छ ज झ ट ठ
१   · · · · · · · · · ·
२   · · ○ · · · · · · ·
३   · · × × × · · · · ·
४   · · · ○ · · × ○ · ·
५   · · · · ○ · · × · ·
६   · · · · · · · · · ·
७   · · · · · · · · · ·
```

तिने ख३ ला गोळा मांडला. कुठे चुकलं ते मला पोरांना नीट सांगता यावं, एवढीच इच्छा आहे.

पऱ्हाटी

मॅडम, आमच्या इकडे हा खेळ जिनिंगवर चालते. कापसाच्या गाड्या रांगेत लागल्या की दिवस दिवस नंबर येत नाही, मग जमिनीवर काडीनं रेघा ओढायच्या, एकानं तुरीचे दाणे घ्यायचे अन् दुसऱ्यानं चिंचोके. तिथल्या म्हाताऱ्यांचा एकच नियम होता: तिकडी झाली की लगत अडवायचं नाही, एक घर सोडून अडवायचं. लगत अडवलं की तो तिथूनच चौकडी करते अन् आपल्याले पळवते. म्हणून माह्या मते पोरीनं ख३ च्या जागी क३ ले मांडाले पाहिजे होतं. नाहीतर तिकडून ज३ ले.

तिरपी रेघ

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या म्हाताऱ्यांचा नियम खरा आहे, पण सगळीकडे चालत नाही. इथे तर क३ किंवा ज३ ला मांडलं की डाव तिथेच संपतो.

समजा गोळा क३ ला पडला. तिसऱ्या ओळीत आता असं दिसतं:

```
○ · × × × · ·
क ख ग घ च छ ज
```

फुली छ३ ला येते. ग, घ, च, छ असे चार सलग, एका टोकाला ख रिकामं, दुसऱ्या टोकाला ज रिकामं. ही उघडी चौकडी. एक टोक अडवाल तर दुसऱ्यावर पाच. ज३ ला मांडलं तर हेच उलट बाजूने होतं, फुली ख३ ला येते, क आणि छ दोन्ही मोकळी.

एक घर सोडून अडवणं चालतं केव्हा, तर दुसऱ्या बाजूला आधीच एक घर सोडून अडथळा असेल तेव्हा. वरच्याच ओळीत क३ ला आधीपासून गोळा असता आणि मग ज३ ला मांडला असता, तर दोन गोळ्यांच्या मधे पाचच घरं उरतात. त्यात फुलीची चौकडी झाली तरी पाचवं घर एकच, तेवढं बुजवलं की झालं. म्हणजे अशी तिकडी अडवायला तीन जागा मिळतात: लगतच्या दोन आणि मोकळ्या बाजूची दूरची एक. दोन्हीकडे दोन-दोन घरं मोकळी असली की मात्र लगतच्या दोनच. मास्तरीणताईंच्या डावात डावीकडे क-ख आणि उजवीकडे छ-ज, दोन्ही मोकळी आहेत. म्हणून निवड फक्त ख३ आणि छ३ मधली.

पऱ्हाटी

हे पटलं भाऊ. जिनिंगवर चौकट लहान आखतात, दहा-बारा घरांची. तिथं एका बाजूले कड जवळच राहते, म्हणून जमत असंल.

तिरपी रेघ

हो, अगदी तेच. कड म्हणजे समोरच्याचा फुकटचा गोळाच समजायचा.

आता मूळ प्रश्न, ख३ का छ३. मी त्या पोरीला एकच गोष्ट सांगेन: तिकडीकडे बघू नकोस, तिकडीच्या टोकांच्या घरांकडे बघ. त्या रिकाम्या घरावर बोट ठेव आणि तिथून बाकीच्या तीन दिशांना बोट फिरव. तिथे फुली पडली तर अजून काय जुळतं?

ख३ वर बोट ठेवा. उभ्यात वरखाली काही नाही. एका तिरप्यात क२, ग४, घ५ रिकामी. दुसऱ्या तिरप्यात ग२ ला तर गोळाच आहे. म्हणजे ख३ वर फुली आली तरी आडव्या चौकडीपलीकडे तिला काही मिळत नाही.

आता छ३ वर बोट ठेवा. उजवीकडे खाली तिरपं उतरा: ज४ ला फुली, झ५ ला फुली. पुढे ट६, ठ७ रिकामी. उलट वर चढा: च२, घ१ रिकामी. म्हणजे छ३ वर फुली आली की आडवी चौकडी आणि तिरपी तिकडी एकाच चालीत. त्या पोरीचा डाव नेमका असाच गेला असणार: गोळा ख३, फुली छ३, आता ग-घ-च-छ चार झाले म्हणून गोळ्याला ज३ ला जावंच लागतं, मग फुली च२. तिरप्यात च२, छ३, ज४, झ५ असे चार, टोकं घ१ आणि ट६ दोन्ही मोकळी. इथे गोळ्याने काहीही केलं तरी पुढच्या चालीला पाच.

म्हणून गोळा छ३ लाच. एका गोळ्यात आडवी तिकडी बंद होते आणि तिरपी जोडीही मरते.

मास्तरीण

अगदी असंच झालं होतं! च२ ला फुली पडल्यावर तिने वही माझ्याकडे आणली. तिला तिरपी जोडी दिसलीच नव्हती. ज४ आणि झ५ तिकडीपासून बाजूला पडलेले आहेत ना, एका ओळीत नाहीत, म्हणून तिच्या मते त्यांचा काही संबंध नव्हता.

सावजी रस्सा

मॅडम, एक शंका. आमच्या लहानपणी तीन जुळले की समोरच्याची एक सोंगटी उचलायची असा नियम होता. मग तिकडी झाल्यावर फुलीने एक गोळा उचलला नाही का? उचलला असता तर मग अडवण्याचा प्रश्नच वेगळा होतो.

मास्तरीण

तुम्ही नवकंकरी म्हणताय. तिच्यात सोंगट्या घरं बदलतात आणि तीन जुळले की उचलायची. इथे एकदा मांडलेलं हलत नाही, उचललं जात नाही. पेनानेच काढतो आम्ही.

सावजी रस्सा

अच्छा, मग मी दुसऱ्याच खेळाच्या गोष्टी सांगत होतो. वाचतोय, चालू द्या.

दारव्ह्याचा दादा

तिरपी रेघ यांनी बचाव सांगितला, पण मला फुलीच्या बाजूने विचारायचंय. मी माझ्या पोराला शिकवलं की चौकडी मिळत असेल तर लगेच कर, समोरच्याला पळवत ठेव. ख३ ला गोळा पडल्यावर फुलीला छ३ पण करता येते आणि ज३ पण. ज३ ला मांडलं तरी ग-घ-च आणि ज असे चार होतात, मधलं छ एकच भरायचं बाकी. मग फरक काय?

तिरपी रेघ

फरक एवढा मोठा आहे की छ३ ने डाव जिंकतो आणि ज३ ने हातचा घालवतो. दादा, ज३ ला फुली मांडा. गोळ्याला कुठे जावं लागतं? छ३ ला, दुसरी जागाच नाही. आणि छ३ हीच तुमच्या तिरप्या जोडीची किल्ली होती. तुम्हीच समोरच्याला हाताला धरून तिथे नेऊन बसवलंत. आडवी ओळ दोन्हीकडून बंद, तिरपी जोडी एका बाजूने बंद. चौकडी गेली आणि बदल्यात काहीच आलं नाही.

म्हणून चौकडी करण्याआधी स्वतःच्या चालीपेक्षा समोरच्याच्या सक्तीच्या उत्तराकडे बघायचं. त्याचा गोळा कुठे पडणार? तिथे पडून तो माझी कोणती ओळ कापतो? आणि दुसरं, तिथे पडून त्याचं काय जुळतं? छ३ च्या वेळी गोळा ज३ ला पडतो. ज३ हून खाली तिरपं झ४ ला एक गोळा आहे, पण पुढे ट५, ठ६ रिकामी. तिथे तीन गोळे आधी असते, तर ज३ ला पडताच त्याची चौकडी झाली असती, फुलीला ती अडवायला पळावं लागलं असतं आणि तेवढ्यात त्याला तिरपी तिकडी कापायला एक चाल मोकळी मिळाली असती.

हातातली चौकडी कुठे पळून जात नाही. समोरच्याने स्वतःहून ती बंद करायला एक चाल खर्च केली, तर तो तुमचाच फायदा. ज्या दिवशी ती दुसऱ्या एखाद्या ओळीशी एका घरात जुळते, त्या दिवशी वापरायची.

दारव्ह्याचा दादा

पोरगा चौकड्या करत सुटतो आणि शेवटी पान भरतं, जिंकत कोणीच नाही. आता कळलं काहून. पण एक सांगा, समोरचा पण तिकडी घेऊन बसला असेल, तर चौकडी राखून ठेवणं परवडतं का?

तिरपी रेघ

तेव्हा ती बचावाला कामी येते. तिकडीला उत्तर द्यायला एका चालीची सवड असते, चौकडीला नसते. समोरच्याने उघडी तिकडी केली आणि तुमच्याकडे एका बाजूने बंद असलेली तिकडी असेल, तर आधी आपली चौकडी करा, तो अडवेल, मग परत चाल तुमचीच. चौकडी करताना तुमचं ते चौथं चिन्ह त्याच्या तिकडीच्या टोकावरच पडत असेल तर सोन्याहून पिवळं, एका चालीत दोन्ही कामं. पण हेही जपून. त्याचं अडवणारं चिन्ह त्याच्याच तिकडीला जाऊन मिळालं तर संपलं.

गणिताची वही

मी शाळेत गणित शिकवतो, अमरावतीकडे. थोडं वेगळं मत मांडतो. पोरांना "तिकडी म्हणजे तीन सलग" असं शिकवलं की दोन घोटाळे होतात आणि दोन्ही मी रोज बघतो.

पहिला, जी तिकडी सलग नसते ती दिसतच नाही.

```
· × × · × ·
```

ही तितकीच घातक आहे. मधल्या घरात फुली पडली की चार सलग, दोन्ही टोकं मोकळी. पोरं जोडी बघतात, पलीकडची एकटी फुली बघतच नाहीत. आणि अशी तुटक तिकडी तिरपी असली तर मोठ्यांनाही दिसत नाही.

दुसरा घोटाळा उलटा. जी तिकडी मुळात तिकडीच नाही, तिला घाबरून अडवतात.

```
○ · × × × · ○
```

तीन सलग, दोन्ही बाजूंना एकेक घर मोकळं. पोरगं लगेच गोळा मांडतं. कशाला? दोन गोळ्यांमधे घरं मोजा, पाच. फुलीने चौथी काढली तरी पाचवं घर एकच उरतं, तेव्हा अडवता येतं. इथे आधीच अडवणं म्हणजे एक चाल वाया.

म्हणून मी पोरांना मोजायला लावतो. तिन्ही फुल्या धरून सहा घरांची पट्टी सापडली पाहिजे, पट्टीची दोन्ही शेवटची घरं रिकामी, आत कुठेही गोळा नाही. अशी पट्टी असेल तरच ती उघडी तिकडी. सलग असो की तुटक. वहीचा समास आला की पट्टी तिथे संपली.

मास्तरीण

सहा घरांची पट्टी! हे पोरांना लगेच कळेल, कारण त्यांना मोजायला आवडतं. जाड पुठ्ठ्याची सहा घरांची खिडकी कापून दिली तर? पानावर ठेवून सरकवायची, आडवी आणि उभी.

गणिताची वही

उत्तम कल्पना, पण तिरप्याला तीच खिडकी चालणार नाही. तिरपी सहा घरं लांबीने जास्त होतात, चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा जवळपास १.४ पट लांब असतो. तिरप्यासाठी वेगळी पट्टी कापा, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून जाणारी. दोन पट्ट्या दिल्या की पोरं तिरपं बघायला विसरणार पण नाहीत, कारण दुसरी पट्टी हातात असते.

तिरपी रेघ

वही सरांचं मोजमाप बरोबर आहे, पण त्या खोट्या तिकडीबद्दल एक पुस्ती जोडतो. ती अडवायची गरज नाही हे खरं, पण ती विसरायचीही नाही. तिच्या दोन रिकाम्या घरांपैकी कोणत्याही घरात फुली पडली की चौकडी होते, म्हणजे एक सक्तीची चाल फुलीच्या खिशात आहे. त्यातल्या एखाद्या घरातून दुसरी जोडी जात असेल, तर आपण वर पाहिलं तेच: चौकडी आणि तिकडी एकदम. तेव्हा ती खोटी तिकडी खऱ्यासारखीच अडवावी लागते, आणि तीही बरोबर त्या घरात.

तुटक तिकडीला अडवायच्या जागा तीन: मधलं घर आणि दोन्ही टोकं. बहुतेक जण मधे मांडतात, कारण तिथे मांडलं की फुल्यांचे दोन तुकडे होतात. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पण इथेही तेच बोट फिरवायचं, तिन्ही घरांवरून. टोकाच्या घरातून फुलीची दुसरी जोडी जात असेल तर गोळा टोकाला.

पऱ्हाटी

भाऊ, एक विचारतो. दोन तिकड्या एकदम झाल्या तर? चौकडी नाही, दोन्ही तिकड्याच, एका चालीत. आमच्या इकडे ते झालं की डाव संपलाच समजतात.

रानमेवा

दोन तिकड्या एकदम करायला बंदी आहे ना? मी मोबाइलवर खेळले त्यात काळ्याला ती चाल टाकूच देत नव्हता.

तिरपी रेघ

रानमेवाताई, तुम्ही खेळलात तो रेंजू असणार. आपला हा पाचचा खेळ म्हणजे गोमोकू, त्यावरूनच जपानमध्ये तयार झालेला, नियम बांधलेला प्रकार. त्यात पहिल्यांदा खेळणाऱ्या काळ्याला दोन उघड्या तिकड्या एकदम, दोन चौकड्या एकदम आणि पाचाहून लांब ओळ, या तिन्हींना बंदी. पांढऱ्याला यातली कोणतीच बंदी नाही. आणि काळ्यालाही चौकडी-तिकडी एकदम करायला मोकळीक आहे, म्हणून रेंजूत काळ्याचं मुख्य हत्यार तेच. वाचनालयातल्या वहीवर चालतो तो साधा गोमोकू, त्यात दोन तिकड्या चालतात.

पऱ्हाटी भाऊ, दोन तिकड्या म्हणजे बहुतेक डाव गेला, पण अगदी संपला असं नाही. चौकडी-तिकडीत समोरच्याला श्वास घ्यायला जागा नसते, चौकडीला उत्तर द्यावंच लागतं. दोन तिकड्यांत त्याच्याकडे एक चाल मोकळी असते. त्या चालीत तो स्वतःची चौकडी करू शकतो, आणि ती करताना त्याचं चिन्ह किंवा पुढची एखादी चौकडी तुमच्या तिकडीच्या टोकावर पडली तर वाचतो. दोन्ही तिकड्या जिथून जातात त्याच्या आसपास एखादं घर असंही असतं की एका गोळ्याने दोन्ही अडतात, एक लगत आणि एक दुरून. क्वचित असतं, पण शोधायचं.

रानमेवा

मग पोरांनाही ती बंदी घालावी असं मला वाटतं. नाहीतर फुलीच जिंकत राहील. आमच्या घरी दिराची पोरं खेळतात त्यात जो आधी मांडतो तोच जिंकतो, मग भांडणं.

गणिताची वही

आधी मांडणाऱ्याचा फायदा खराच आहे. १९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या व्हिक्टर अॅलिस यांनी संगणकावर दाखवून दिलं की बंदी नसलेल्या साध्या गोमोकूत, १५ बाय १५ वर, पहिला खेळाडू बिनचूक खेळला तर नक्की जिंकतो. त्यांची पद्धतही याच धाग्यातली: तिकड्या आणि चौकड्यांच्या सक्तीच्या चालींची साखळी शोधायची, कारण सक्तीच्या चालीला उत्तरं मोजकीच असतात. अर्थात सातवीतलं पोर बिनचूक खेळत नाही.

पण बंदीपेक्षा सोपा उपाय आहे. जागतिक गोमोकू स्पर्धेत वापरतात. एकाने पहिली तीन चिन्हं मांडायची, दोन फुल्या आणि एक गोळा, कुठेही. मग दुसरा ठरवणार, मी फुली का गोळा. किंवा तो अजून एक फुली आणि एक गोळा मांडून निवड पहिल्याकडे परत देणार. मांडणाऱ्याला माहीत असतं की चांगली बाजू समोरचाच उचलणार, म्हणून तो बरोबरीचंच मांडतो. भाकरीचे दोन तुकडे एकाने करायचे आणि उचलायचे दुसऱ्याने, तसं.

रानमेवा

मला अजूनही बंदीच बरी वाटते. निवडीचं लहान पोरांना कळायला वेळ लागेल, बंदी एका वाक्यात सांगता येते.

तिरपी रेघ

एका वाक्यात सांगता येते, पण पाळताना दमछाक होते ताई. कोणती तिकडी खरी आणि कोणती खोटी यावरच बंदी लागू होते की नाही ते ठरतं. मोठमोठे खेळाडू त्यात अडकतात. पोरं आधी सहा घरांची पट्टी मोजायला शिकू देत. माझं मत निवडीच्या बाजूने.

दारव्ह्याचा दादा

आमच्याकडे सहा सलग झाले तर भांडण होतं. एक म्हणतो जिंकलो, दुसरा म्हणतो पाचच पाहिजेत.

गणिताची वही

दोन्ही पद्धती आहेत. काही ठिकाणी पाच किंवा जास्त चालतात, काही ठिकाणी नेमके पाचच. पहिली फुली पडायच्या आधी ठरवून टाका.

मास्तरीण

आज दुपारी ती मांडणी फळ्यावर काढली आणि पोरांना विचारलं, गोळा कुठे? आधी सगळ्यांनी ख३ आणि छ३ दोन्ही सांगितले. मग ख३ वर बोट ठेवून चारी दिशा फिरवायला लावल्या, मग छ३ वर. तिरप्यात ज४ वर बोट पोहोचलं आणि त्या सातवीतल्या पोरीनेच "झ५!" म्हणून ओरडून सांगितलं.

आता एका पोराने पुढचं विचारलंय आणि मला उत्तर येत नाही. गोळा छ३ ला बरोबर मांडला. चाल फुलीची. मग फुली अजून जिंकते का, की गोळा वाचला?

दारव्ह्याचा दादा

माझ्या मते फुलीच जिंकते. ख३ ला चौकडी शिल्लक आहे, खाली सगळं मोकळं आहे.

तिरपी रेघ

ताबडतोब जिंकत नाही एवढं ठामपणे सांगतो. फुलीकडे आडव्या ओळीत एक चौकडी आहे, ख३ ला किंवा क३ ला. पण ख३ मधून किंवा क३ मधून तिची दुसरी कोणतीही जोडी जात नाही, म्हणून ती आत्ता वापरली तर फुकट जाईल. फुलीने आधी डावीकडे एखादी जोडी जमवायला हवी, अशी की जिची ओळ ख३ किंवा क३ मधून जाते. उदाहरणार्थ ख५ आणि ख६. ती जमली की ख३ ला फुली पडताच आडवी चौकडी आणि उभी तुटक तिकडी. गोळ्याने ती जमू द्यायची नाही, म्हणजे फुलीची एकच फुली त्या ओळीत आली की लगेच लक्ष द्यायचं.

शेवटपर्यंत कोण जिंकतं यावर मी आणि दादा दोघेही पान मांडून बसू शकतो. मी गोळा घेतो.

दारव्ह्याचा दादा

चालेल. फुली ग५. घ४ च्या लगत आणि च५ पासून एक घर सोडून, म्हणजे तुमच्या तिरप्या गोळ्यांवरही नजर राहते.

पऱ्हाटी

दादा, घ४-च५ ची ओळ तर ग३ च्या फुलीनं आधीच एका बाजूनं बंद हाय. त्यावर काहून नजर पाहिजे?

दारव्ह्याचा दादा

बंद आहे, पण छ६, ज७ कडे मोकळी आहे. अजून दोन गोळे आले तर चौकडी होते.

तिरपी रेघ

बरोबर आहे दादांचं. गोळा ख४.

मास्तरीण

थांबा थांबा, फळ्यावर उतरवून घेते. तोवर पोरांसाठी दोन ओळी मांडून ठेवते. वही सरांच्या पट्टीने सांगायचं, यातली खरी उघडी तिकडी कोणती?

```
पहिली:  · × · × × · ○
दुसरी:  ○ × · × × · ·
```

पऱ्हाटी

पहिली खरी. सहा घरं, दोन्ही शेवटची रिकामी, उजवीकडचा गोळा पट्टीच्या बाहेर हाय. दुसरीत डाव्या फुलीले गोळा चिपकला, पट्टीच बसत नाही. पण भाऊंनी सांगितल्यासारखं तिच्यात चौकडी हाय, खिशातली.

गणिताची वही

पूर्ण मार्क.